"ताई, डेटर्सचा लेटेस्ट रिपोर्ट पाठवता का जरा?"

4 सप्टेंबर 2024, बुधवार. जेवण झाल्यावर जागेवर येऊन बसलो आणि व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकली: "ताई, डेटर्सचा लेटेस्ट रिपोर्ट पाठवता का जरा? लवकर लागेल."

डेटर्स म्हणजे ज्यांच्याकडून आमचं येणं बाकी आहे त्या पार्ट्या. ताईंचा अंगठा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पीडीएफही आली. मागणारा खूश, देणारा मोकळा. पाच दिवसांनी, सोमवारी रात्री साडेआठला, मी त्याच ताईंना घरी फोन करत होतो. त्या गौरींच्या मखराला झेंडूच्या माळा लावत होत्या आणि मी विचारत होतो की तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत पाच लाख कुठे गेले.

आमचं युनिट भोसरी एमआयडीसीतलं. पत्र्याचे पार्ट दाबून मोठ्या कारखान्यांना देतो. हिशेब माझ्याकडे आहेत, आणि बिलं, वसुली, पार्ट्यांशी फोनाफोनी हे सगळं ताईंकडे. त्या माझ्याहून वयाने मोठ्या, कंपनीत माझ्या आधीपासून. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली आमच्या दोघांच्याही मशीनवर आहे, त्यामुळे वाचणारा विचारेल की रिपोर्ट स्वतःच का नाही काढला. काढता येतो. पण कुठल्या पार्टीचे पैसे कुठल्या बिलापोटी आलेत आणि कोण कशावरून पैसे अडवून बसलंय हे टॅलीला तेवढंच माहीत असतं जेवढं ताईंनी त्यात घातलंय. उरलेलं त्यांच्या डायरीत असतं. ते मिळवायचं तर त्यांनाच विचारावं लागतं.

मला तो रिपोर्ट हवा होता बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटसाठी. ज्यांची बँकेत कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, आहे त्यांना हे पाठ असेल. दर महिन्याअखेरचा स्टॉक, देणी आणि येणी बँकेला कळवायची, त्यावरून बँक ड्रॉइंग पॉवर काढते आणि तेवढेच पैसे सीसीतून उचलता येतात. मंजूर मर्यादा कितीही असो. आमची मर्यादा दीड कोटीची. आमच्या मंजुरीपत्राप्रमाणे स्टॉकमधून देणी वजा करून उरलेल्याचे 75 टक्के, आणि येण्यांपैकी 90 दिवसांच्या आतल्या बिलांचे 60 टक्के धरतात. टक्के बँकेबँकेत बदलतात, प्रत्येकाने आपलं मंजुरीपत्र पाहावं. आमच्यासाठी स्टेटमेंटची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची 10. त्या वर्षी 7 तारखेला, शनिवारी, गणपती बसले आणि 10 तारखेला गौरी आल्या. ताई 10 ते 12 रजेवर. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी "लवकर लागेल" एवढंच लिहिलं.

सोमवारी 9 तारखेला मी पीडीएफ उघडली. एकूण येणं 181 लाख, त्यात 90 दिवसांच्या वरचं 19 लाख. म्हणजे धरण्याजोगं 162 लाख, त्याचे 60 टक्के 97.2 लाख. स्टॉक 92 लाख, देणी 38 लाख, उरले 54 लाख, त्याचे 75 टक्के 40.5 लाख. बेरीज 137.7 लाख. सीसीचा वापर त्या दिवशी 119 लाखांचा होता. मी मोठ्या साहेबांना सांगून टाकलं की साधारण अठरा लाखांची जागा आहे. साहेबांनी लगेच पत्रा देणाऱ्या व्यापाऱ्याला मंगळवारी पंधरा लाख देतो म्हणून शब्द दिला.

संध्याकाळी सही घेण्याआधी नेहमीप्रमाणे ट्रायल बॅलन्सशी, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लक यादीशी, ताळा घेतला. 31 ऑगस्टला सन्ड्री डेटर्स 186 लाख. रिपोर्टमध्ये 181. ताळा नुसता चुकला असता तर एखादी एन्ट्री राहिली म्हणून शोधत बसलो असतो. पण पीडीएफच्या डोक्यावर बारीक अक्षरात 5 सप्टेंबर ही तारीख होती, ती तेव्हा कुठे वाचली. मग 90 दिवसांच्या वरची यादी पाहिली आणि पोटात गोळा आला. एका पार्टीचं 20 मेचं बिल, ऑगस्टअखेर 103 दिवस झालेले, त्या यादीत नव्हतंच.

ते बिल 60 दिवसांच्या उधारीवरचं होतं. देय तारीख 19 जुलै. देय तारखेपासून मोजलं तर 31 ऑगस्टला ते फक्त 43 दिवस जुनं. रिपोर्ट देय तारखेपासून वय मोजणारा होता आणि आमची बँक बिलाच्या तारखेपासून मोजते. 60 दिवसांच्या उधारीवरचं बिल त्या रिपोर्टमध्ये "90 च्या वर" जायला बिलाच्या तारखेपासून 150 दिवस लागतात. मधले दोन महिने ते निरोगी दिसतं.

ताईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, बँकेला हवंय म्हणाला असतात तर मी दुसराच काढला असता. मला वाटलं सोमवारच्या वसुलीच्या मीटिंगला हवाय. मोठ्या साहेबांना तोच लागतो, आणि त्यांना पीडीएफच चालते, फोनवर बघतात ना ते. आणि लेटेस्ट म्हणालात म्हणून सकाळी बसून बुधवारपर्यंतच्या सगळ्या पावत्या घालून मग काढला."

शेवटचं वाक्य ऐकून मला खरोखर लाज वाटली. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता, उलट जास्तीचं काम केलं होतं. 1 ते 5 तारखेत 9 लाख जमा झाले आणि 4 लाखांची नवी बिलं लागली, म्हणून 186 चे 181 झाले. माझ्या एका "लेटेस्ट" शब्दासाठी त्या सकाळभर पावत्या घालत बसल्या, आणि मला नेमक्या त्याच पावत्या नको होत्या.

त्या रात्री मीच टॅलीप्राइममध्ये Receivables उघडून तारीख 31 ऑगस्ट केली आणि F6 दाबून वय मोजायची पद्धत Ageing by Bill Date निवडली. एकूण 186, पैकी 90 च्या वर 62 लाख. धरण्याजोगं 124 लाख, त्याचे 60 टक्के 74.4. स्टॉकचे 40.5 मिळवून 114.9 लाख. वापर 119. म्हणजे अठरा लाखांची जागा नव्हतीच, उलट 4.1 लाख जास्त उचललेले होते. सकाळी साहेबांना हे सांगणं हा त्या आठवड्यातला सगळ्यात वाईट प्रसंग. पत्र्याच्या व्यापाऱ्याला दिलेला शब्द मोडावा लागला, एका पार्टीकडून पाच लाख आधी मागून घेतले आणि दहाच्या दहाला स्टेटमेंट गेलं. चुकीचं स्टेटमेंट गेलं असतं तर पुढे स्टॉक ऑडिटला आलेल्या माणसाने बिलं उघडून पहिल्या तासात ते पकडलं असतं. मग हा हिशेबातला गोंधळ होता की बँकेला फुगवून दिलेला आकडा, हे समजावत बसावं लागलं असतं.

त्या ओळीत नेमकं काय होतं

गणपती विसर्जनानंतर मी तो जुना मेसेज कागदावर लिहून काढला. नऊ शब्दांचा मेसेज, त्यातले चार शब्द एकाहून जास्त अर्थांचे.

"डेटर्सचा रिपोर्ट" म्हणजे ताईंच्या लेखी तीन वेगळ्या गोष्टी असतात. पार्टीनिहाय एकूण शिल्लक, जी सीए मागतात. देय तारीख उलटलेल्या बिलांची यादी, जी साहेबांना वसुलीसाठी लागते. आणि बिलाच्या तारखेपासून वयोगट पाडलेली बिलनिहाय येणी, जी महिन्यातून एकदाच, बँकेसाठी लागते. नुसतं "रिपोर्ट" म्हटलं की माणूस ज्याची सवय आहे तोच देतो. ताईंनी साहेबांचा दिला, कारण तो दर आठवड्याला काढतात.

"लेटेस्ट" ही तारीख नव्हे. माझ्या डोक्यात 31 ऑगस्ट इतकी घट्ट बसलेली होती की ती लिहायची राहिली आहे हेच ध्यानात आलं नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अकाउंट्समधला माणूस मागच्या महिन्यातच वावरत असतो, आणि बिलं लावणारा माणूस आजच्या दिवसात. दोघांचं कॅलेंडर वेगळं.

"लवकर"चा अर्थ ताईंनी सर्वात उदारपणे घेतला. दुसऱ्या दिवशीच दिला. पण मी तो चार दिवस उघडलाच नाही. त्यांना खरी तारीख माहीत असती तर त्यांनी पावत्या घालायची घाई केली नसती, आणि मला सोमवारऐवजी शुक्रवारी बघायची टोचणी लागली असती. ढोबळ मुदतीने देणारा घाईत पडतो, आणि मागणारा मात्र निवांत होतो.

आणि "जरा". हा शब्द आपण नम्रपणासाठी घालतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून कळतं की काम छोटं आहे, दोन मिनिटांचं आहे, जे आहे ते पाठवलं तरी भागेल. बँकेचं काम जराचं नव्हतं.

पहिला मसुदा आणि ताईंची पेन्सिल

माणूस पोळला की ताक फुंकून पितो. मी पुढच्या महिन्यासाठी जो मेसेज लिहिला तो फुंकून फुंकून लिहिलेला होता. चौदा कॉलमची यादी: पार्टी, शहर, संपर्काचा माणूस, फोन, पीओ नंबर, बिल नंबर, बिलाची तारीख, देय तारीख, उधारीचे दिवस, मूळ रक्कम, आलेली रक्कम, बाकी, वयोगट, शेरा. खाली "अत्यंत तातडीचे" आणि "कोणताही बदल न करता वरील नमुन्यातच पाठवावे". शासन निर्णय वाटेल असं.

नशिबाने तो न पाठवता आधी ताईंना चहाच्या वेळी दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "यातला फोन नंबर बँकेला द्यायचाय?" नाही म्हटलं. त्यांनी पेन्सिलने खोडला. "शहर?" खोडलं. "पीओ नंबर टॅलीत नाहीये सर, तो मला बिलांच्या फाइलमधून एकेक बघून टाकायला लागेल. दीडशे-पावणेदोनशे बिलं आहेत." खोडला. असं करत चार कॉलम उरले: पार्टी, बिल नंबर, बिलाची तारीख, बाकी रक्कम. वयोगट तर तारखेवरून एक्सेलच पाडून देतं, फक्त ते कुठल्या तारखेपासून हे ठरलेलं हवं.

इथे मला जे उमगलं ते सांगतो. स्वरूप लिहायचं म्हणजे आपल्याला सुचतील तेवढे सगळे रकाने मागणं नव्हे. आलेली फाइल आपण पुढे कुठे चिकटवणार आहोत तिथून उलटं यायचं. माझ्या स्टेटमेंटच्या शीटमध्ये मी जे चार रकाने चिकटवतो तेवढेच मागायचे. पाचवा रकाना मागितला तर तो कुणाचा तरी अर्धा दिवस खातो, आणि त्या घाईत कामाच्या चारांत चूक होते.

एक बारीक गोष्ट मात्र ताईंच्या पेन्सिलीतून वाचली, आणि ती मीच आग्रहाने ठेवली. टॅलीतून एक्सेलमध्ये काढलेल्या फाइलमध्ये जमा बाजूची रक्कम "Cr" अशी दिसते, पण ते Cr फक्त सेलच्या फॉरमॅटमध्ये असतं. आतली संख्या अधिकच असते. वरून SUM लावला की आगाऊ आलेले पैसे येण्यांत मिळवले जातात, वजा होत नाहीत. दिसायला सगळं ठीक, बेरीज चुकलेली. म्हणून जमा रक्कम उणे चिन्ह लावून हवी, असं लिहिलं. पीडीएफ का चालणार नाही याचं कारणही सांगितलं, ती मला परत टाइप करावी लागते. कारण सांगितल्यावर ताईंनी पुन्हा कधी पीडीएफ पाठवली नाही. त्याआधी "एक्सेलमध्ये पाठवा" हे मी किमान तीनदा म्हटलं असेन, नुसतंच.

मग त्यांनी "अत्यंत तातडीचे" वर बोट ठेवलं. "हे काढा. तुम्ही सगळंच तातडीचं म्हणता." काढलं. त्याजागी तारीख आणि वार लिहिला, आणि ती तारीख का, हेही.

1 ऑक्टोबरला, मंगळवारी, जो मेसेज गेला तो असा:

> ताई, 30 सप्टेंबरअखेरची बिलनिहाय येणी हवीत, एक्सेलमध्ये. कॉलम चारच: पार्टी, बिल नंबर, बिलाची तारीख, बाकी रक्कम. जमा असेल तिथे उणे चिन्ह. वय बिलाच्या तारखेपासून धरायचंय, देय तारखेपासून नाही. बेरीज 30 तारखेच्या ट्रायल बॅलन्सशी जुळवून पाठवा.
>
> हे बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटसाठी आहे. 90 दिवसांच्या आतल्या बिलांवरच बँक पैसे उचलू देते. त्यामुळे आतलं एखादं बिल वादात असेल किंवा पैसे येणार नाहीत असं वाटत असेल तर समोर दोन शब्द लिहा.
>
> शुक्रवारी 4 तारखेला संध्याकाळी 5 पर्यंत मिळालं तर पुरे. बँकेत 10 ला द्यायचंय, मी सोमवारी जुळवणी करतो. शुक्रवारी जमणार नसेल तर गुरुवारीच सांगा, मग आहे तसंच मी उचलेन.

जुन्या मेसेजपेक्षा दहापट लांब. लिहायला सहा-सात मिनिटं लागली. शब्द मोजून आखडते घेण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण मागच्या महिन्याच्या छोट्या मेसेजने एक अख्खी रात्र आणि साहेबांचा एक शब्द खाल्ला होता.

शेवटच्या वाक्याबद्दल थोडं. मुदत दिली की "नाही जमलं तर काय" हे न सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. विचारलं तर काम टाळतोय असं वाटेल म्हणून देणारा गप्प बसतो आणि शुक्रवारी साडेपाचला "सर सोमवारी देते" म्हणतो. गुरुवारी सांगायची मोकळीक दिली की बातमी एक दिवस आधी मिळते. आणि दुसरं, 4 आणि 10 या दोन्ही तारखा उघड सांगितल्या. पूर्वी मी दोन दिवस हातचे राखून खोटी मुदत सांगायचो. ताई पंचवीस वर्षं नोकरी करतायत, त्यांना 10 तारीख माहीत नाही असं समजणंच मूर्खपणाचं होतं.

मागितलं नव्हतं ते आलं

फाइल गुरुवारीच आली. पण फाइलच्या आधी ताई आल्या, डायरी घेऊन.

"बँकेला द्यायचंय ना, मग हे धरू नका." एका पार्टीचं ऑगस्टमधलं 6.20 लाखांचं बिल. माल रिजेक्ट झालेला, भोकांची जागा चुकलेली, आणि परत पाठवतोय असं त्यांच्या खरेदीवाल्याने फोनवर सांगितलं होतं. तसं लेखी कळवणारी डेबिट नोट आलेली नव्हती, म्हणून टॅलीत काहीच नव्हतं. कुठल्याही रिपोर्टमध्ये ते बिल ताजं, सुदृढ, 90 च्या आतलं दिसलं असतं. मीच रिपोर्ट काढला असता तर बँकेला कळवूनही बसलो असतो, आणि पंधरा दिवसांनी डेबिट नोट आली असती.

दुसरी गोष्ट उलट्या दिशेची होती. एका मोठ्या पार्टीने सप्टेंबरमध्ये 11.80 लाख आरटीजीएस केले होते, कुठल्या बिलांचे ते न कळवता. असे पैसे टॅलीत On Account म्हणून घालतात. मग जुनी बिलं उघडीच दिसत राहतात आणि आलेली रक्कम वेगळी तरंगत राहते. मी इतके दिवस काय करायचो, तर असली सगळी तरंगती रक्कम सावधगिरी म्हणून 90 च्या आतल्या येण्यांतून वजा करायचो. ताईंना हे मी कधी सांगितलंच नव्हतं. या वेळी मेसेजमधलं "90 दिवसांच्या आतल्या बिलांवरच" वाचून त्यांनी त्या पार्टीकडे तगादा लावला आणि बिलांची यादी मिळवली. पावती उघडून On Account च्या जागी Agst Ref निवडून एकेक बिल लावलं. 11.80 पैकी 8.30 लाख 90 च्या वरच्या बिलांचे निघाले.

हिशेब असा झाला. टॅलीतून सरळ आलेल्या यादीत 90 च्या आतलं 128 लाख होतं. माझ्या जुन्या पद्धतीने 11.80 वजा करून 116.2 धरले असते. ताईंनी लावलेल्या बिलांनंतर फक्त 3.50 वजा होऊन 124.5, आणि वादातले 6.20 काढून 118.3. दोन पद्धतींतला फरक 2.1 लाख, त्याचे 60 टक्के म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. आकडा मोठा नाही, हे मान्य. पण जुन्या 116.2 मध्ये एक चूक कमी दाखवणारी आणि एक जास्त दाखवणारी होती, दोन्ही एकमेकींना झाकून बसलेल्या. एखाद्या महिन्यात दोन्ही एकाच दिशेला गेल्या असत्या.

या दोन्ही गोष्टी मी मागितल्या नव्हत्या, कारण मला ठाऊकच नव्हत्या. वादातल्या बिलाबद्दल मी ढोबळ विचारलं होतं, On Account बद्दल तर तेही नाही. स्वरूप आणि तारीख लिहिल्याने मी जे मागितलं ते नीट आलं. प्रयोजन लिहिल्याने जे मागायला हवं होतं ते आलं. म्हणून आता मेसेज छाटायची वेळ आली तर मी कॉलमची ओळ छाटतो, कशासाठी हवंय ती ओळ ठेवतो. आणि प्रयोजन म्हणजे नुसतं "बँकेसाठी" लिहून भागत नाही, हेही दिसलं. "90 दिवसांच्या आतल्या बिलांवरच बँक पैसे उचलू देते" हे अर्ध वाक्य नसतं तर ताईंनी त्या पार्टीच्या मागे लागायचं काही कारण नव्हतं.

हीच युक्ती स्टोअरमधल्या पोरावर लगेच करून पाहिली. त्याला मी दर महिन्याला फोनवर "अरे, स्टॉक किती रे?" एवढंच विचारायचो आणि तो एक आकडा सांगायचा. या वेळी लिहिलं की बँक आपल्याच मालकीच्या मालावर पैसे देते, तो खरेदीच्या भावाने हवा, कच्चा पत्रा, अर्धवट माल आणि तयार माल वेगळा करून सांग. त्याचा लगेच फोन. "सर, यात जॉबवर्कचा पत्रा पण असतो की. पार्टीचा. तो काढायचा?" तो पत्रा ग्राहकाने आम्हाला दाबायला दिलेला असतो, आमच्या मालकीचा नसतो. आधीच्या महिन्यांत तो धरला जात होता का, हे मी त्याला विचारलं. त्याने "कधी धरायचो, कधी नाही" असं उत्तर दिलं. त्यावर मी काही बोललो नाही. मागच्या सहा महिन्यांची रजिस्टरं काढून बसलो.

प्रत्येक गोष्ट अशी लिहून मागायची नसते, हेही सांगायला हवं. "ताई, अमक्या पार्टीचे पैसे आले का?" याला हो किंवा नाही एवढंच उत्तर आहे, तिथे प्रयोजन आणि मुदत लिहिली तर समोरचा विचारेल की सरांना झालंय काय. मी माझ्यापुरती खूण ठेवली आहे. आलेला आकडा मी ऐकून विसरणार असेन तर फोन. तो कुठल्या कागदावर चढून कंपनीबाहेर जाणार असेल तर लिहून.

नोव्हेंबरमध्ये मात्र फजिती झाली. दिवाळीहून 4 तारखेला, सोमवारी, कामावर आलो. जुना मेसेज शोधला, कॉपी केला, खालच्या तारखा बदलल्या (10 ला रविवार होता म्हणून बँकेची तारीख 8 केली) आणि पाठवून दिला. बुधवारी फाइल आली. चार कॉलम, उणे चिन्हं, ट्रायल बॅलन्सशी पैन् पै जुळलेली. 30 सप्टेंबरची. पहिल्या ओळीतली तारीख मी बदललीच नव्हती.

"ताई, हे सप्टेंबरचं का पाठवलंत?"

"तुम्ही लिहिलंय सर. मला वाटलं बँकेने मागचं काहीतरी परत विचारलं असेल."

म्हणजे मेसेज इतका नेटका झाला होता की त्यातली चूकही त्यांना हेतुपुरस्सर वाटली. जुना ढगळ मेसेज असता तर त्यांनी कदाचित फोन करून विचारलं असतं. आता तो मेसेज फोनमध्ये ज्या नोटमध्ये ठेवला आहे तिथे तारखेच्या जागी काही लिहून ठेवत नाही. "____अखेरची" अशी रिकामी जागा आहे, आणि ती दर महिन्याला हाताने भरावी लागते.